नवऱ्याची झोप

माझं लग्न माघात झालं आणि शिमगा सरला नाही तोच वाडीभर झालं की नव्या नवरीचा नवरा अंगणात बसून रात्री काढतो. यापरता लाजिरवाणा प्रसंग नवरीवर दुसरा नसावा. नवरा मारतो म्हटलं तर चार बायका जवळ घेऊन बसतात. नवरा पितो म्हटलं तर, बाई, कुणाचा पीत नाही. पण नवरा घरात झोपत नाही म्हटलं की सगळ्यांचे डोळे नवरीच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरतात. ते डोळे मी महिनाभर सोसले. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी मान आपोआप खाली जाते, आणि राग येतो तो त्या मानेचाच.

माझं माहेर खानापूरकडचं, सासर सुप्याच्या जंगलात. वाडी म्हणजे झाडीत लपलेली सात-आठ घरं, खाली भाताची खाचरं, भोवती साग आणि मत्तीची झाडं. घरात सासरे, सासूबाई, आमचे हे आणि मी. सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात. बाई कामाला वाघीण, पण जिभेला हाड नाही.

लग्नानंतरचा पहिला महिना बरा गेला. ह्यांना विडीचा नाद होता, पण तो वाडीतल्या कुठल्या बाप्याला नव्हता? कुंभ्याच्या पानात तंबाखू गुंडाळायची, चुलीतला निखारा चिमट्यात धरून पेटवायची. जेवल्यावर एक, झोपताना एक. विडी ओढली की डोळा लागतो, असं हे सांगायचे. मला तर उलटंच दिसायचं. ओढून आडवे झाले की मघाशी पेंगणारा माणूस टक्क उघड्या डोळ्यांनी आढ्याकडं बघायचा. कधीतरी डोळा लागायचा, तर कोंबड्याच्या आधीच जाग. तसे चडफडतच उठायचे आणि चुलीपाशी जाऊन राखेत निखारा शोधायचे. दोन झुरके मारले की चेहरा सैल व्हायचा. सकाळी मात्र आळोखेपिळोखे देत म्हणायचे, "झोप पुरी झाली न्हाई." मी मनात म्हणायची, मध्येच उठून धूर खात बसलं तर होईल कशी.

मला यातलं थोडं कळत होतं, कारण माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तंबाखू सोडलेली मी लहानपणी पाहिली होती. खोकल्यानं छाती भाता झाली तेव्हा गावच्या वैद्यानं त्यांची चिलीम चुलीत घातली होती. वैद्य म्हणाला होता, "तंबाखू जागवणारी हाय. ती झोपवती असं वाटतं, ते खोटं. अंगातली उतरली की जीव तळमळतो, परत घातली की गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला तुमी झोप म्हणता." आणि असंही म्हणाला होता की सोडल्यावर पहिला आठवडा सगळ्यात वाईट, मग हळूहळू उतार, महिनाभरात माणूस माणसात. आबा तेव्हा रात्रभर ओसरीवर फेऱ्या घालायचे आणि आई आम्हाला सांगायची, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शिमग्याच्या पौर्णिमेनंतर जंगलखात्यानं ह्यांना आगीच्या राखणीला घेतलं. उन्हाळ्यात पाचोळा वाळला की जंगल ठिणगीला टेकलेलं असतं. म्हणून मधून मधून पाचोळा झाडून रुंद पट्ट्या मोकळ्या ठेवायच्या, त्यांना जाळरेषा म्हणत. राखण्यानं दिवसभर त्या रेषेवर फिरायचं, धूर दिसला की धावायचं. पाऊस पडेपर्यंत काम. अट एकच, राखण्याजवळ काडीपेटी नको, चकमक नको, विडी तर नकोच. जंगलात नको, घरून ओढून आला तरी नको, कारण ओढणारा माणूस कानावर अर्धी ठेवून येतोच, हे खात्याच्या गार्डाला ठाऊक होतं.

आणि हे काम एकट्याचं नव्हतं. आमच्या वाटणीच्या जंगलात आग लागली तर ते जंगल वाडीला बंद व्हायचं. मग गुरं चरवायची कुठं, शेतात भाजायला पातेरा-पाचोळा आणायचा कुठून, चुलीत काय घालायचं? तेव्हा ह्यांनी दिवसा डोळे उघडे ठेवायचे म्हणजे सगळ्या वाडीचं पोट उघड्या डोळ्यांवर टांगलेलं. बाप्ये येऊन बजावून गेले, "विडी सोड बाबा, पण जागा ऱ्हा." ह्यांनी होळीच्या राखेवर हात ठेवून सोडली. लग्न नवीन होतं, मर्दानगी दाखवायची होती. मलाही भारी कौतुक वाटलं.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच घराचं सूत बिघडलं. ताटावर बसले की दुप्पट जेवायचे आणि तरी भाकरी करपली म्हणून ताट सरकवायचे. आईवर ओरडले, बैलावर ओरडले, आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. रात्री आडवे व्हायचे ते कूस बदलायलाच. लागलाच डोळा तर घामानं निथळत उठायचे, स्वप्नात विडी ओढली म्हणून घाबरून. ही स्वप्नं मला सांगायचे, आणि सांगताना लहान मुलासारखे ओशाळायचे. मग घोंगडं घेऊन अंगणात जायचे. आत जीव घुसमटतो म्हणायचे. गार्डाच्या झोपडीत दुपारी काळा चहा मिळायचा, चहा पूर्वीही तेवढाच प्यायचे, पण आता त्यानं हात कापायचे आणि रात्र आणखी लांबायची.

अंगण म्हणजे वाडीची चावडीच. पहाटे झाडायला उठणारी प्रत्येक बाई बघायची, अमक्याचा मुलगा फणसाखाली उकिडवा बसलाय. झऱ्यावर पाण्याला गेले की सुरू. एक म्हणायची, "काय गे, हांतरूण टोचतंय काय त्येला?" दुसरी म्हणायची, "हांतरूण न्हाई, खानापूरची मिरची टोचती." हसू फुटायचं. मी घागर भरायची आणि पाणी डोक्यावरून पाठीवर सांडत चालत सुटायची. सांगणार काय? माझ्या नवऱ्याला तंबाखू सुटल्याचा त्रास होतोय म्हणून सांगितलं तर म्हणतील, आमच्या नवऱ्यांना शिकवतेस होय.

आत्तींनी मात्र आधीच ठरवलं होतं. त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हटलं नाही. भात कांडताना उखळाला ऐकवलं. "लगीन व्हायच्या आदी पोरगा दगडावागत झोपायचा. आता बघा. पायगुण म्हंत्यात त्यो ह्यो." उखळाशी दुसरी बाई होती. संध्याकाळपर्यंत पायगुण सगळ्या घरांत पोचला. नवरीचा पायगुण वाईट ठरला की तिला माहेरी धाडतात, आणि अशी धाडलेली परत येत नाही, हे मला सांगावं लागलं नाही. माझ्याच माहेरच्या गल्लीत एक होती तशी. ती सगळ्यांच्या लग्नात भांडी घासायची.

आठवडाभरानं देवाला कौल लावला. आमच्यात मोठा निर्णय देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाण्यात बुडवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय. सगळी वाडी जमली. मी बायकांच्या मागं उभी, तरी सगळ्यांच्या नजरेत मीच आहे असं वाटत होतं. गुरवानं विचारलं, "घरात आलेल्या पावलाचा दोष हाय काय?" पाकळी हलेना. लोक खोकले. मग विचारलं, "राखणदाराचं काय चुकलंय काय?" आणि उजवी पाकळी टपकन पडली.

राखणदार म्हणजे आमच्या शेताच्या बांधावरचा दगड. तो शिवार राखतो. त्याला रोट लागतो, थोडी दारू लागते, आणि रोज संध्याकाळी पेटवलेली विडी लागते. ती घरच्या कर्त्या मुलानं स्वतः तोंडात धरून, झुरका मारून पेटवायची आणि दगडासमोर ठेवायची. विडी सोडल्यापासून ह्यांनी तीही ठेवली नव्हती. झालं, सगळ्यांच्या लक्षात आलं. राखणदार रात्री विडी मागायला येतो आणि पोराला जागवतो. बायकांचे चेहरे माझ्याकडं वळले आणि मऊ झाले. एकीनं तर माझा हात धरला. मला रडू आलं. काय करणार, सुटल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी राखणदाराची विडी पेटवली. एका झुरक्यात काय पेटते होय ती. पाच-सहा झुरके घेतले, शेवटचा तर डोळे मिटून. बांधावरून घरी आले ते चेहऱ्यावर तेज घेऊन. आडवे झाले आणि घोरायला लागले. आत्तींनी देवापुढं नारळ ठेवला. मी पण हात जोडले. मला ठाऊक होतं बरं का, की हे तंबाखूचं गप्प बसणं आहे, झोप नव्हे. वैद्याचे शब्द कानात होते. तरी मी हात जोडले, कारण त्या धुरानं माझं नाव धुऊन निघालं होतं. नवऱ्याच्या विडीवर बायकोची अब्रू उभी, असली वेळ वैऱ्यावर येऊ नये.

पहाटेआधीच हे उठून बसले. विडी शोधत होते. दुसऱ्या संध्याकाळी राखणदाराला दोन विड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी एक जंगलात गेली. गार्डानं वास घेतला, पागोट्यातली अर्धी विडी काढून हातावर ठेवली आणि म्हणाला, "परत दिसली तर राखण्या दुसरा. आणि आग लागली तर वाडीचं काय व्हील ते तुमीच सांगा." बाप्ये परत जमले. ह्यांची विडी परत बंद. राखणदाराची मात्र चालू ठेवायची, ती रोज सासरे पेटवतील असं ठरलं. पाडव्याच्या दिवसापासून सासरे बांधावर जाऊ लागले.

आणि हे परत अंगणात आले. पहिल्यापेक्षा वाईट. सगळं परत पहिल्या दिवसापासून, तोच घाम, तीच चिडचिड, तीच स्वप्नं.

आता हिशेब सरळ होता. कौलात दोन प्रश्न होते. राखणदाराला विडी पोचते आहे, म्हणजे त्याचा राग नाही. मग उरलं कोण? मीच उरले. माझी सहनशक्ती तेवढ्यावर संपली. चुलीपाशी आत्तींना म्हणाले, "आत्ती, राखणदाराला न्हाई, ह्यांच्या अंगालाच विडी पायजे हुती. म्हणून तवा झोप लागली. आता अंगातनं उतरायला थोडे दिस लागत्यात. माझ्या आबांचं असंच झालं हुतं, आपसूक झोप आली." बोलताना माझा आवाज चढला. आत्तींनी हातातली लाकडं खाली ठेवली. "म्हंजे कौल खोटा, व्हय गे?"  माझं तोंड हे असं, जिथं मिटायचं तिथं उघडतं. त्या दिवसापासून पायगुण वाईट आणि वर देवाला खोटं पाडणारी, असं दुप्पट झालं. आत्तींनी सगळ्यांसमोर सांगितलं, चैताच्या पुनवेपर्यंत बघायचं. तोवर पोराला झोप लागली न्हाई तर सुनेला माहेरी पोचवायचं.

ते दिवस मी मोजायला नको होते, पण मोजले. ह्यांना दुपारचा चहा बंद करायला लावला, संध्याकाळी अंगाला तेल चोळून कोमट पाण्यानं आंघोळ घातली. हे ऐकायचे. माझ्याशी चिडून बोलायचे, मग ओशाळून बोलायचे. दिवसा राखणीत चुकले नाहीत, एवढं खरं. मी जेवण घेऊन जाळरेषेवर जायची तेव्हा काठीवर हनुवटी टेकून उभे दिसायचे, बसले तर झोपेन म्हणून. 

पुनव आली. त्या रात्रीही घोंगडं अंगणातच होतं. सकाळी आत्तींनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "चार दिस माहेरी ऱ्हाऊन ये." ओटी भरली नाही. ओटी न भरता लेकीबाळी घरातून काढतात तेव्हा चार दिवस म्हणजे किती, हे कुठल्याही बाईला कळतं. सासरे मला गाडीवाटेपर्यंत सोडायला आले. हे गुरांच्या गोठ्यात होते. बाहेर आले नाहीत.

माहेरी गल्लीत शिरताना पदर कपाळापर्यंत ओढला तरी लोकांनी ओळखलं. आईनं रडून घेतलं. आबांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "दुसऱ्यांदा विडी सोडली ती पाडव्याला?" मी होय म्हटलं. आबा म्हणाले, "मग आली आसंल आता झोप. येतीच."

आणि आली. पंधरवड्यानं लाकूड घेऊन आलेल्या एका गाडीवाल्यानं ओसरीवर बसून, पाणी पिता पिता बातमी सांगितली. तुमचा जावई आता गाढ झोपतो. सून घरातून गेली त्याच रात्री घरात येऊन झोपला, तो सकाळपर्यंत. सगळी वाडी म्हणते, देवानं पुरावा दिला. मी दाराआड होते. त्या क्षणी मला कळलं की आता कुणाला काही समजावता येणार नाही. ज्या दिवशी झोप परतायची होती त्याच दिवशी त्यांनी मला गाडीत बसवलं होतं. आधी आली असती तर मी घरात असते, नंतर आली असती तरी कुणी माझं नाव घेतलं नसतं. मला स्वतःलाच एक-दोनदा वाटून गेलं, खरंच माझ्या पावलात काही असेल का. याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

पावसाळ्याच्या तोंडावर, राखण संपल्यावर, हे मला न्यायला आले. चिखलणीला हात हवे होते. आत्तींनी सांगितलं होतं, घेऊन ये, बघू परत. हे अंगानं भरले होते, डोळे पांढरेशुभ्र, खोकला गेलेला. आबांनी गुळपाणी दिलं आणि शांतपणं विचारलं, "जावईबापू, ही हिकडं यायच्या आधी दोन-चार रात्री कशा गेल्या हुत्या?"

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "लागत हुती थोडी थोडी. मध्यरातीनंतर. अंगणातच."

मी आत पोळपाटावर हात ठेवून उभी राहिले. ह्यांना ठाऊक होतं. पुनवेच्या आधीच झोप पावलापावलानं परत येत होती आणि ह्या माणसाला ठाऊक होतं.

वाटेत, गाडीत, मी विचारलं, "मग बोलला का न्हाई?" म्हणाले, "आयेनं सगळ्यांसमोर सांगितलं हुतं. तिला खोटं कसं पाडू?" मी म्हटलं, "आणि मला पाडलं त्ये?" त्यावर ह्यांनी बैलांना हाकललं. मला उतरून परत जाता आलं असतं, गाडी काही वेगात नव्हती. पण परत जाऊन काय, सगळ्यांच्या लग्नात भांडी घासायची?

मी उतरले नाही.

घरी पोचलो. सगळ्यांनी माझ्याशी गोड बोलून घेतलं. जेवणं झाली, हे आत आले, आडवे झाले आणि लागलीच घोरू लागले. भिंतीपलीकडं आत्ती जाग्या होत्या, मला त्यांची कूस वळताना ऐकू येत होती. मी श्वास रोखून पडले. हे जरा हलले की मी त्यांच्या छातीवर हलकेच हात ठेवायची, उठू नयेत म्हणून. ज्यानं माझ्यासाठी एक शब्द उच्चारला नाही त्याची झोप मी रात्रभर राखत बसले. सकाळी आत्तींनी लेकाला विचारलं, लागली काय रे झोप, आणि तो व्हय म्हणाला. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही लागली म्हणूनच सांगितलं असतं.